ओवीची ओळख

मुग्धा कणीक मळत होती तेव्हा आतल्या खोलीतून एक मुलगी हसली. शेजारची कोणी आली असेल, असं तिला वाटलं आणि दोन पोळ्या जास्त कराव्यात म्हणून तिने पिठाचा डबा पुन्हा उघडलासुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की दार वाजलं नव्हतं. दाराला आतून साखळी लावलेली होती, ती तिला ओट्यापाशी उभं राहून दिसत होती. हसू पुन्हा आलं. छोटंसं, वर चढून एकदम तुटणारं. पिठाचे हात तसेच घेऊन ती आत गेली. पलंगावर ओवी एकटी बसली होती, मांडीवर फोन, आणि चेहरा नेहमीसारखा कोरा. "कोण हसलं?" मुग्धाने विचारलं. ओवीने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि पुन्हा फोनकडे बघू लागली. एसी घरघरत होता. मुग्धा दारातच उभी राहिली. ओवी दहा वर्षांची होती आणि ती मोठ्याने हसली असं मुग्धाला आठवत नव्हतं. बाळ असताना हसली असेल. पण त्या हसण्याचा आवाज तिला आठवत नव्हता, आणि आता जो ऐकू आला त्याच्याशी लावून बघायला तिच्याकडे काही नव्हतं.

जेद्दाच्या बाजूच्या राबिघला येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. सुशील रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे मेंटेनन्स इंजिनियर होता. आधी वर्षभर तो एकटाच कॅम्पमध्ये राहिला आणि मग फॅमिली व्हिसा झाला तसं त्याने दोघींना नाशिकहून बोलावून घेतलं. समुद्र जवळ होता, पण खिडकीतून दिसायचा नाही. दिसायची ती रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत, दिवसा फिकट आणि संध्याकाळी भिंतीवर हलणारी. भारतीय शाळा होती ती जेद्दाला. रोज एवढं जाणं-येणं मुलीला झेपणार नाही म्हणून सुशीलने जवळच्या एका खासगी अरबी शाळेत तिचं नाव घातलं. "मुलं पटकन उचलतात भाषा," तो म्हणाला. मुग्धाला म्हणायचं होतं की जी मुलगी मराठीतसुद्धा बोलत नाही ती दुसरी भाषा कुठून उचलणार. पण ती बोलली नाही. न बोलण्याची सवय त्या घरात एकट्या ओवीलाच नव्हती.

वर्गशिक्षिकेला इथे अब्ला म्हणत. शाळा सुरू व्हायच्या आधी अब्लाने वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला, की नव्या मुलींनी आपली ओळख करून देणारा छोटा संदेश पाठवावा, लिहून आणि आपल्या आवाजातही, म्हणजे वर्गातल्या मुली आधीच ओळखीच्या होतील. मुग्धाने ओवीला विचारलं, काय लिहू तुझ्याबद्दल. ओवीने खांदे उडवले. मग मुग्धा स्वतःच लिहायला बसली. मराठीत लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत तिला खरं लिहिता आलं नसतं. 'नमस्कार. मी ओवी. आम्ही नाशिकहून आलो. माझे बाबा रिफायनरीत काम करतात. मी फारशी बोलत नाही, पण ऐकत असते. मला एकटं बसून चित्रं काढायला आवडतं. कुणी हाक मारली तर ओ द्यायला मला थोडा वेळ लागतो. मला आमच्या घराची आठवण येते. तुमची भाषा मला येत नाही. शिकेन.' लिहिताना तिला सिन्नरचं आपलं माहेरचं घर दिसत होतं, आणि मधल्या दाराचा तो सुती पडदा, ज्याच्यामागे ती लहानपणी उभी राहायची. पाहुणे आले की बाहेर आई तिची ओळख करून द्यायची: "आमची मुग्धी हुशार आहे हो, फक्त बोलत नाही." पडद्याला नाक लावून ती ऐकायची. बाहेर जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती आपण, आणि आत जी उभी आहे ती कोण, असं तिला वाटायचं. आणि कापडाचा ओलसर वास नाकात शिरायचा.

भाषांतर तिने आधी फोनमधल्या ॲपने केलं आणि ते घेऊन ती खालच्या मजल्यावरच्या राहीलकडे गेली. राहील मूळची श्रीवर्धनची, पण वाढली जेद्दाला; वडील तिथे बंदरात होते. तिचा नवरा अदनान आणि सुशील एकाच साइटवर होते आणि त्या ओळखीने ती मुग्धाला वहिनी म्हणायची. राहीलने वाचलं, आणि ओढणी तोंडाशी धरली. "हे काय, वहिनी. हे तर टीव्हीवरच्या बातम्यांसारखं झालंय. 'मला स्वतःची ओळख सादर करण्यात आनंद होत आहे.' असं इथे कुणी पोर बोलत नाय. आणि 'माझ्या सन्माननीय सहकाऱ्यांनो' हे पुरुषांना म्हणतात. मुलींच्या वर्गाला 'बनात' म्हणायचं. बनात म्हणजे पोरी." ती आणखी खाली गेली. "नावाचं तर याने भाषांतरच करून टाकलंय. 'मी एक कविता आहे.' आणि नाशिकचं लिहिलंय नासिक. नासिक म्हणजे अरबीत तो, जो सगळं सोडून एकटा रानात जाऊन बसतो, इबादत करत. 'आम्ही बैराग्याकडून आलो' असं वाचतील मुली." तिने पेन घेतलं. नाशिकमध्ये शीन, म्हणजे त्यांचा श, घालून ते नीट केलं. ओवीच्या नावापाशी मात्र ती थांबली. अरबीत व नाही, ती म्हणाली. जवळचं अक्षर फ. त्याने लिहिलं की होतं ऊफी. "आणि खरं सांगू, हा त्यांच्यात शब्दच आहे. ऊफी म्हणजे मी दिलेला शब्द पाळते. छान आहे ना?" मुग्धा म्हणाली, छान आहे. उजवीकडून डावीकडे ते चार आकार राहीलने काढले, आणि मुग्धाला त्यात आपली मुलगी कुठेच दिसली नाही. पण नाशिकच्या शाळेच्या दाखल्यावरच्या इंग्रजी अक्षरांत तरी ती कुठे दिसत होती.

मग राहीलने एकेक वाक्य घेतलं. मैत्रीच्या सुरात लिहायचं म्हणजे नुसती भाषा बदलून चालत नाही, ती म्हणाली, इथल्या पोरी एकमेकींशी कशा बोलतात तसं लिहावं लागतं. 'नमस्कार'च्या जागी 'हला बनात'. 'एकटं' हा शब्द तिने थेट खोडला. त्याला अरबीत जो शब्द आहे त्यात बिचारेपणा येतो, जिला कोणी विचारत नाही अशी पोर डोळ्यांपुढे येते. त्याऐवजी तिने 'मला शांतता आवडते' असं केलं. 'ऐकत असते'वर ती बराच वेळ अडली. मराठीतल्या त्या 'असते'मध्ये रोजचं, न थांबणारं असं जे काही होतं ते अरबीत 'अस्मअ' एवढ्यात येत नव्हतं. "आणि एक गंमत बघ, वहिनी. आपण 'ऐकते' म्हटलं की कळतं बाई बोलतेय. अरबीत 'मी ऐकते' आणि 'मी ऐकतो' एकच. समोरच्याला 'तू' म्हणताना पोरगा की पोरगी ते सांगावं लागतं. स्वतःबद्दल बोलताना क्रियापदात ते दिसत नाय." आठवण येते, या वाक्याला तिने 'बेतना वहशनी' असं लिहिलं; बेतना म्हणजे आमचं घर. वहशनी म्हणजे काय, मुग्धाने विचारलं. आठवण येते म्हणतात त्यालाच, राहील म्हणाली, रोज फोनवर म्हणतात, मला तू वहश केलंस. शब्दाचं मूळ विचारशील तर ओसाडपणा. सुनसान जागा. रानटी जनावरालाही वहश म्हणतात. मुग्धा त्या शब्दाकडे बघत राहिली. मराठीत आठवण आपण होऊन येते, पाहुण्यासारखी. इथे घरच येऊन माणसाला ओसाड करून जात होतं.

'मी फारशी बोलत नाही' हे वाक्य राहीलला चालेना. "पहिल्याच दिवशी असं सांगितलं तर पोरी जवळ येणारच नाहीत गं. घमेंडी वाटेल." तिने लिहिलं: 'फिल्-अव्वल अस्तही शुवय्या, बस बादेन मा अस्कुत.' सुरुवातीला थोडी लाजते, पण नंतर गप्पच बसत नाही. "हे खरं नाही," मुग्धा म्हणाली. "खरं-खोटं काय त्यात. रीत असते बोलायची. सगळेच असं म्हणतात." 'हाक मारली तर वेळ लागतो'चं तिने केलं: 'मी उत्तर दिलं नाही तर मला पुन्हा हाक मारा.' आणि शेवटी मराठीत नसलेलं एक वाक्य घातलं, की तुम्हीच आता माझे घरचे व्हा. मुग्धाने ते नको म्हणायला तोंड उघडलं, पण राहीलच्या चेहऱ्यावर इतका जिव्हाळा होता की तिने तोंड मिटलं. मग राहीलने सगळा संदेश आपल्या आवाजात रेकॉर्ड करून दिला, ओवीला ऐकून पाठ करता यावा म्हणून. 'मा अस्कुत' म्हणताना ती स्वतःच हसली, लहान मुलीसारखी, वर चढून एकदम थांबलेलं हसू. पुन्हा रेकॉर्ड करायचा तिने कंटाळा केला.

ओवीने पाठ केलं ते सगळं पाठ केलं. हसणंही. तिला शब्द कुठे संपतात ते कळत नव्हतं, त्यामुळे हसू हाही तिच्यासाठी त्या वाक्यातला एक शब्द होता, अस्कुतनंतर येणारा. कणकेचे हात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुग्धाला हे उमगलं ते रात्रीच्या पोळ्या झाल्यावर, राहीलचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तेव्हा. तेच होतं. तेवढंच लांब, त्याच जागी तुटणारं. तिला हायसं वाटायला हवं होतं. सुशीलला तिने सांगितलं तेव्हा तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बरं झालं ना मग. हसायला तरी शिकली." त्याचं शटडाऊनचं, प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं काम चालू होतं, डोळे लाल झालेले. त्याने ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्हणून दाखव." ओवी उठून उभी राहिली. हला बनात, अना ऊफी. आवाज तिचा नव्हता. म्हणजे गळा तिचाच होता, पण मराठी बोलताना तो जिथून यायचा, छातीत कुठेतरी खालून, तिथून तो येत नव्हता. ओठांच्या अगदी मागून येत होता, हलका, उजळ. हसू आलं, गेलं. सुशीलने टाळ्या वाजवल्या. ओवीचा चेहरा कोराच होता.

संदेश गेला आणि उत्तरांची रीघ लागली. आवाजच आवाज: हला ऊफी, नव्वर्ती, आमची वर्गखोली उजळलीस. जूद नावाच्या एका मुलीने तर लगेच विचारलं, गप्प बसत नाहीस म्हणजे किती बोलतेस? ओवी ते निरोप एकामागून एक ऐकत बसली. त्या मुली जिची वाट बघत होत्या ती मुलगी राहीलने पेनाने बनवलेली होती, आणि मुग्धाला वाटलं की शाळा सुरू झाली की त्यांना खरी कोण ती कळेल आणि त्यांचा विरस होईल. तिने ओवीच्या डब्यात गुळपोळी दिली, एरवी सणाशिवाय ती करत नसे. विरस झाला नाही. पहिल्या आठवड्यात अब्लाने लिहिलं, की तुमची मुलगी वर्गाचा प्राण आहे. मुग्धाने ते राहीलला दाखवून खात्री करून घेतली, की दुसऱ्या कोणाचा निरोप चुकून आपल्याला आला नाही ना. नाव ऊफीच होतं.

घरी ओवी पूर्वीसारखीच होती, किंबहुना जास्त गप्प. मराठीत तिचं बोलणं आटत चाललं होतं. हो आणि नाही उरलं होतं, मग तेही मानेवर आलं. मुग्धा हाक मारायची, "ओवी." ओ यायला वेळ लागायचा हे तिला माहीत होतं, तिनेच तसं लिहिलं होतं. ती थांबायची. भांड्यावरून पाणी वाहत राहायचं, ज्योतीचा उजेड भिंतीवर खालीवर व्हायचा, आणि ओ यायचा नाही. एका दुपारी, धुळीचं वारं खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत असताना, तिने उगीच, मजा म्हणून, की मजा म्हणून नव्हे, हाक मारली, "ऊफी." "लब्बैह," आतून लगेच ओ आला. पायांचा आवाज आला, दारात मुलगी आली, मान किंचित तिरकी, ओठांवर हसण्याची तयारी. "काही नाही," मुग्धा म्हणाली. "जा." मुलगी गेली. पण त्यानंतर वेणी घालायला, जेवायला, अंघोळीला बोलवायचं झालं की मुग्धाच्या तोंडात तेच नाव येऊ लागलं, कारण त्याने काम होत होतं. प्रत्येक वेळी हाक मारून झाली की तिला वाटायचं, आपण कोणाला तरी दाराबाहेर ठेवून दार लावून घेतलं. आणि एकदा ती समोरच बसलेल्या मुलीला म्हणाली, "ओवी, पाणी दे गं." मुलगी चित्र रंगवत होती. तिने ऐकलं नाही असं नव्हतं. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं काम ऐकून माणूस जसं आपलं काम करत राहतो तशी ती रंगवत राहिली. पाणी कोणीच आणलं नाही.

सुशीलशी बोलून उपयोग नव्हता. तो म्हणायचा, "तुला हवं होतं ना ती बोलावी? आता बोलतेय तर तुला काय त्रास आहे?" त्रास काय होता ते तिला मांडता येत नव्हतं. तिला नाशिकची ओवी हवी होती असंही नव्हतं. तिथल्या शाळेत दर सभेला बाई सांगायच्या, उत्तर देत नाही हो, आणि मुग्धा अपराध्यासारखी मान हलवायची. न बोलणाऱ्या मुलीचा तिला कंटाळासुद्धा यायचा. हे ती कबूल करत नसे, पण यायचा. आता ती मुलगी गेली तर बरं, असं कुठेतरी आपल्याच मनात होतं की काय, आणि म्हणून राहीलच्या पेनाला आपण अडवलं नाही की काय. पण मराठी कागदावर जी होती ती तरी ओवी होती का? पडद्यामागचा ओलसर वास आला आणि तिने विचार तोडला.

जूद आणि तिची आई घरी आल्या त्या दिवशी मुग्धाने राहीलला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, बोलायला कोणी असावं म्हणून. जूदच्या आईने खजूर आणि थर्मासमधून कहवा आणला होता. ती मुग्धाला उम्म ऊफी म्हणत होती, ऊफीची आई. इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारणं मानाचं. राहील मधे बसून इकडचं तिकडे करत होती. मुली आतल्या खोलीत होत्या. दार अर्धं उघडं. जूदचा आवाज, मग तो उजळ आवाज, मग हसू. मुग्धा कहव्याचा इवलासा पेला बोटांत फिरवत होती, तेवढ्यात तिच्या कानाला एक ओळखीचा शब्द लागला: उख्ती. बहीण माझी. तिला वाटलं जूद बोलतेय. पण तो आवाज जूदचा नव्हता. राहील बोलता बोलता थांबली. जूदच्या आईनेही ऐकलं, आणि तिने मान हलवून मुग्धाच्या हातावर हात ठेवला, मऊ, गरम हात, आणि काहीतरी म्हणाली. "काय म्हणाल्या?" राहीलने ओढणी सारखी केली. "म्हणतात, अल्लाह तुझ्या दुसऱ्या लेकीलाही तुझ्याजवळ लवकर आणो."

पाहुण्या गेल्यावर राहील स्वयंपाकघरात पेले विसळत उभी राहिली. "मला वाटलं तू मला सांगितलं नाय," ती म्हणाली. "मला एकच आहे, राहील." "पोर तर म्हणत होती बहीण आहे. नाशिकला राहिली. ती बोलत नाय, चित्रं काढते, एकटी बसते. जूदने विचारलं, नाव काय तिचं. तर म्हणाली, तुमच्या भाषेत ते नाव म्हणता येत नाय." नळ चालू होता. राहीलने तो बंद केला. "वहिनी, मी लिहिलं ते चांगल्यासाठीच लिहिलं हां." मुग्धा म्हणाली, "माहीत आहे." तिला राहीलचा राग येत नव्हता. तिला फक्त ते खोडलेलं 'एकटं' आठवत होतं. खोडलेला शब्द कागदावरून जातो, पण तो कुठे जातो असं कोणी विचारत नाही.

ती ओवीजवळ जाऊन बसली. नाव न घेता म्हणाली, "तू जूदला बहीण आहे असं सांगितलंस?" मुलीने खडू खाली ठेवला. आणि मग, कितीतरी दिवसांनी, ती मराठीत बोलली, खालच्या, छातीतल्या आवाजात, शब्द शोधत. "तिने विचारलं गेल्या वर्षी कुठे होतीस."

"मग?"

"गेल्या वर्षी नाशिकला होती ती बोलायची नाही. मी तर गप्पच बसत नाही."

"ती तूच ना पण."

मुलीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत खोडकरपणा नव्हता, खोटेपणाही नव्हता. मोठं माणूस एखादी साधी गोष्ट चुकीची म्हणतंय तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जी अडचण येते, तेवढीच होती. "तूच तर लिहिलंस," ती म्हणाली. "दोन्ही." मुग्धाला सांगायचं होतं की एक मी लिहिलं, दुसरं राहीलमावशीने, आणि ते एकाच मुलीबद्दल होतं, फक्त सूर वेगळा होता. पण सूर म्हणजे काय हे सांगायला तिला शब्द सापडेना. तिने विचारलं, "ती आता काय करत असेल?" विचारल्यावर तिलाच भीती वाटली. मुलीने खडू उचलला. "ऐकत असते," ती म्हणाली.

त्यानंतर घरात मुग्धा हळू बोलू लागली. कुकरची शिट्टी झाली की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. दुपारी वामकुक्षीला पडली की कोणीतरी पलीकडे कान लावून आहे, श्वाससुद्धा न सोडता, असं वाटायचं, आणि ती त्या श्वासाची वाट बघत जागी राहायची. भीती म्हणावी तशी ती भीती नव्हती. नाशिकचं बंद घर तिच्या डोळ्यांपुढे यायचं: झाकून ठेवलेला सोफा, खिडकीच्या गजांची जमिनीवर पडलेली सावली, तिथे पाय पोटाशी घेऊन बसलेली एक मुलगी. तिला कोणी वाढत नसणार. मग मुग्धा उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि स्वतःला बजावायची की मुलगी शाळेत आहे, आत्ता बस येईल. बस यायची. मुलगी उतरायची. मुग्धा खिडकीतून बघायची, आणि तिचे डोळे बसच्या दारावरच राहायचे, दार मिटून बस वळेपर्यंत.

मुलांच्या आयांचा वेगळा ग्रुप होता. सहामाही संपत आली तेव्हा तिथे जूदच्या आईने लिहिलं की उम्म ऊफीने आता आपलीही ओळख करून द्यावी, सगळ्या जणी विचारताहेत. राहील माहेरी जेद्दाला गेली होती. सुशील सोफ्यावर डोळ्यांवर हात घेऊन पडला होता, म्हणाला, "ऊफीला सांग ना, ती करील." त्याच्याही तोंडात ते नाव बसलं होतं. मुलगी आनंदाने फोन घेऊन आली आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसली. इतकी जवळ ती कधीची बसली नव्हती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. "तू मराठीत सांग," ती म्हणाली, "मी करते." मुग्धा एकेक वाक्य सांगू लागली. मी मुग्धा. मुलगी फोनजवळ तोंड नेऊन अरबीत बोलायची आणि पडद्यावर अक्षरं उमटत जायची, उजवीकडून. आम्ही नाशिकचे. मी घरीच असते. ते वाक्य मुग्धाच्या अंदाजापेक्षा बरंच लांब झालं. "काय म्हटलंस?" "म्हटलं, माझं घर तुमच्यासाठी उघडं आहे." "मी असं नाही म्हटलं." "मग नुसतं घरीच असून काय उपयोग?" मुलगी म्हणाली. "असंच म्हणतात इथे." मुग्धाने पुढचं सांगितलं. मला अजून तुमची भाषा नीट येत नाही, समजून घ्या. आणि मग, थोडं थांबून, शब्द नीट वेगवेगळे करून, "मला एक मुलगी आहे."

मुलगी फोनमध्ये बोलली, "इंदी बिन्तेन."

बाजारात जाऊन मुग्धा एवढं शिकली होती. दोनसाठी इथे वेगळा आकडा लागत नाही. वस्तूच्याच नावाला शेपूट लागतं. हब्बतेन, दोन नग. मर्रतेन, दोनदा. बिन्तेन, दोन मुली. "एक म्हटलं मी," ती म्हणाली. मुलीचं बोट पडद्यापाशी होतं. "एक केलं तर," ती हळूच म्हणाली, खालच्या त्या आवाजात, "कोणती काढू?"

सोफ्यावर सुशीलचा श्वास एका लयीत चालला होता. बाहेर मगरीबची बांग सुरू झाली आणि भिंतीवर ज्योतीचा उजेड येऊन बसला. मुग्धाने त्या ओळीकडे पाहिलं. ती खोडायला एक बोट पुरे होतं; आधीचं 'एकटं' पेनाच्या एका रेघेने गेलं होतं तसं. तिला वाटलं आपण आत्ता नाही म्हटलं तर ही मुलगी ऐकेल, मुकाट्याने एक करील, आणि मग त्या एकीचं नाव काय हे आपल्याला कधीच विचारता येणार नाही. ती म्हणाली, "राहू दे. पाठव."

संदेश गेला. लगेच आवाज येऊ लागले, एकीमागून एक, हसरे, बायकी, कपबशांच्या किणकिणाटातून आलेले. अल्लाह तुझ्यासाठी दोघींना सुखी ठेवो. दोघींना उदंड आयुष्य देवो. मुलगी प्रत्येकाचं मराठी करून सांगत होती, आणि दर वेळी 'दोघी' म्हणताना तिच्या मांडीचा भार मुग्धाच्या मांडीवर थोडा जास्त पडत होता. मग एका अनोळखी बाईचा निरोप आला, छोटासा. मुलीने तो ऐकला. पुन्हा लावून ऐकला.

"काय म्हणतायत?"

"त्या विचारतायत," मुलगी म्हणाली, "दोघींपैकी इथे आमच्याकडे कोणती आहे?"

मुग्धा तिच्याकडे वळली. मुलीने फोन दोन्ही हातांत धरला होता, टाइप करायला तयार, आणि मान वर करून ती आईच्या तोंडाकडे बघत होती. तिलाही ते ऐकायचं होतं.